शेवटचं किती?

माझा चेहरा फिक्स रेटचा आहे. विक्रेत्याने पहिल्यांदा जो आकडा उच्चारला तोच मी देणार, हे माझ्या कपाळावर कुठेतरी बारीक टायपात छापलेलं असावं. मला ते आरशात दिसत नाही. पण लक्ष्मी रस्ता सोडून तुळशीबागेच्या बोळात शिरलो की दुतर्फा बसलेल्या प्रत्येकाला ते चष्म्याशिवाय वाचता येतं. शेजारच्या बाईंना नुकतीच अडीचशेला सांगितलेली वस्तू मी हातात घेतो. विक्रेता आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या बुटांकडे, मग वर रामाच्या देवळाच्या शिखराकडे, आणि त्या उंचीवर नजर ठेवूनच म्हणतो, "साडेचारशे."

यावर मी काय म्हणतो? मी म्हणतो, "असं होय." मग थोडा वेळ आम्ही दोघेही गप्प राहतो. त्या शांततेचा अर्थ त्याला कळतो, मला कळत नाही. शेवटी ही अवघडलेली अवस्था संपवण्यासाठी मी पैसे देतो. माझ्या आयुष्यातली बरीचशी खरेदी गरजेपोटी नाही, तर संकोचापोटी झालेली आहे.

आमच्या मावशीला हे बघवेना. मावशी नारायण पेठेतली, सत्तरी ओलांडलेली, उंचीने माझ्या खांद्याला लागणारी. तुळशीबागेत ती शिरली की काही विक्रेते चांगला माल मागे सरकवतात अशी आख्यायिका आहे. ती म्हणाली, "तुझ्या लग्नात तुला पोहता येतं का हे कुणी विचारलं नाही, ठीक आहे. पण भाव करता येतो का हे तरी सासरच्यांनी विचारायला हवं होतं. चल माझ्याबरोबर. आणि तिलाही घे."

'तिला' म्हणजे माझ्या बायकोला. तिला ऑफिसला नेण्यासाठी खांद्याला लावायची पर्स हवी होती. पर्स हा शिकायला उत्तम विषय आहे असं मावशीचं मत पडलं. बिस्किटाच्या पुड्यावर कायद्याने कमाल किंमत छापावी लागते. पर्सवर तसलं काही नसतं. तिच्यावर फक्त एखाद्या परदेशी कंपनीचं नाव असतं, तेही एक अक्षर चुकवून.

निघताना मी विचारलं, "पैसे किती घेऊ?"

"आधी बूट बदल," मावशी म्हणाली. "ते बूट बघूनच तो शंभर वाढवेल. आणि पन्नासच्या, शंभरच्या नोटा घे. पाचशेची नोट दाखवून साडेतीनशेचा भाव करता येत नाही."

पहिला अर्धा तास आम्ही काहीच घेतलं नाही. नुसते फिरलो. ज्या दुकानात पर्स पसंत पडली तिथून सरळ पुढे गेलो आणि तशीच पर्स बोळाच्या दुसऱ्या टोकाला विचारली. एके ठिकाणी साडेसहाशे सांगितले, दुसरीकडे सहाशे, तिसरीकडे साडेपाचशे. पर्स तीच, चुकलेलं अक्षरही तेच. हा सगळा माल मुंबईला क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या घाऊक गल्ल्यांतून नाहीतर दिल्लीच्या सदर बाजारातून येतो, त्यामुळे खरेदीचा भाव सगळ्यांचा साधारण सारखाच. वरचा फरक हा त्या त्या विक्रेत्याच्या आशावादाचा असतो.

मला वाटलं, झालं, साडेपाचशेवाल्याकडून घेऊ आणि घरी जाऊ. मावशीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तत्काळ बायकोच्या मागे उभा राहिलो. "हे तीन आकडे त्यांनी तुला सांगितलेले आहेत," ती म्हणाली. "आता लोक देतात किती ते ऐक." आणि ती एका कॉलेजच्या मुलींच्या घोळक्याला खेटून उभी राहिली. मुली घासाघीस करत होत्या, मावशी क्लिपा बघत होती. तुळशीबागेत क्लिपा बघत उभ्या राहिलेल्या बाईकडे कुणाचंही लक्ष जात नाही. हेरखात्याला अजून हे उमगलेलं नाही, नाहीतर भरतीच्या जाहिरातीत वयाची अट सत्तरच्या पुढे असती. थोड्या वेळाने परत येऊन ती कुजबुजली, "साडेतीनशेला दिली. आपला आकडा साडेतीनशे."

आपला आकडा! मी आयुष्यात कधी स्वतःचा आकडा घेऊन बाजारात गेलोच नव्हतो. मी नेहमी त्यांच्या आकड्यावरून निघायचो आणि दहावीस रुपये खाली उतरलो की गड सर केल्याच्या आनंदात घरी यायचो. मावशीच्या शास्त्रात आपला आकडा आधी ठरतो, तो मनात ठेवायचा असतो, आणि मरेपर्यंत तो तोंडातून पहिल्यांदा काढायचा नसतो.

इथे मला माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. भाव करायचाच अशी उबळ आली की मी वस्तू हातात घेऊन थेट विचारतो, "शेवटचं किती?" हे वाक्य मला फार करारी वाटतं. विक्रेता म्हणतो, "सहाशेची आहे, तुम्हाला शेवटचं साडेपाचशे." मग माझ्याकडे बोलायला काहीच उरत नाही, कारण शेवटचं तर झालं. मी त्यालाच निकाल द्यायला सांगितलेला असतो आणि त्याने तो स्वतःच्या बाजूने दिलेला असतो.

"शेवटचं शेवटी विचारावं," मावशी म्हणाली. "पहिल्यांदा नुसतं विचारायचं, केवढ्याला? आणि ऐकल्यावर गप्प बसायचं. तू गप्प बसतोस ते लाजून. मी बसते ते विचारात पडल्यासारखी. तेवढ्यानेच तो कधीकधी आपणहून पन्नास उतरवतो."

प्रत्यक्ष मोहिमेआधी भूमिका वाटल्या गेल्या. बोलणार मावशी. बायकोला पर्स आवडली आहे, म्हणून तिने ती हातात धरायची नाही, तिच्याकडे प्रेमाने बघायचं नाही, चेन उघडून आतले कप्पे मोजायचे नाहीत. ज्याला वस्तू आवडली त्याने भाव करू नये, हा मावशीचा दंडक. मला काम मिळालं ते असं: दोन पावलं मागे उभं राहायचं, कंटाळलेलं दिसायचं आणि अधूनमधून घड्याळात बघायचं. "तू असा उभा राहिलास की त्याला भीती वाटते, हा आता बायकांना घेऊन जाईल," मावशी म्हणाली. नवऱ्याचा बाजारात हा एवढाच उपयोग आहे आणि तो मला लग्नाला इतकी वर्षं होईपर्यंत कुणी सांगितला नव्हता.

पहिल्या दुकानात सगळं सुरळीत चाललं होतं. मावशीने नाक मुरडलं होतं, बायको भलत्याच पर्सकडे बघत होती. तेवढ्यात विक्रेत्याने पर्स उलटी करून अस्तर दाखवलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे वा, छान आहे की! मोबाइलला वेगळा कप्पा!"

विक्रेता हसला. भाव जागच्या जागी गोठला. साडेसहाशेचे सहाशे चाळीस व्हायलाही तो तयार होईना. मावशीने मला बाहेर काढलं आणि दुसऱ्या दुकानात शिरण्याआधी सूचना सुधारली: "तू दोन नाही, दहा पावलं मागे उभा राहा."

तर दुसरं दुकान. इथे सांगितलेला भाव सहाशे. मी दहा पावलांवरून जे ऐकलं ते जसंच्या तसं देतो, कारण त्यात सगळं शास्त्र आहे.

"सहाशे? एवढ्याशा पर्सला?"

"काकू, माल बघा ना. तुम्ही बोला किती द्यायचे ते."

"मी बोलले तर तुला राग येईल."

"बोला हो. बोलायला काय पैसे पडतात?"

"दोनशे."

माझ्या पोटात गोळा आला. सहाशेच्या वस्तूला दोनशे! मी असतो तर पाचशे म्हटलं असतं, तेही आधी क्षमा मागून. पण विक्रेत्याला काहीच झालं नाही. त्याने फक्त कपाळावर हात मारला, आणि तो हातही सरावाने मारल्यासारखा वाटला.

दोनशेच का, हे मावशीने नंतर मला रसाच्या गुऱ्हाळात समजावलं. दोन्ही बाजू सारख्या चिवट असल्या की सौदा साधारण पहिल्या दोन आकड्यांच्या मध्यावर येऊन टेकतो. तो सहाशे म्हणाला आणि तू पाचशे म्हणालास तर साडेपाचशेला घरी येशील, मग मध्ये कितीही भांड. म्हणून मध्य कुठे पडावा हे आधी बघायचं आणि त्यावरून पहिला आकडा काढायचा. साडेतीनशे हवे तर हिशेबाने शंभरच म्हणायला हवं. पण शंभर म्हटलं की तो हसतो, पर्स खुंटीला लावतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलू लागतो. आपल्याला काही कळत नाही अशी त्याची खात्री होते आणि बोलणंच खुंटतं. म्हणून पहिला आकडा असा हवा की तो चिडेल, पण हसणार नाही. तुळशीबागेत सांगितलेल्या भावाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास माणूस चिडतो, असा मावशीचा अनेक वर्षांचा अभ्यास आहे.

आता पुढचं. विक्रेता सहाशेवरून पाचशेला आला. मावशी दोनशेवरून पावणेतीनशेला गेली. तो साडेचारशे. मावशी तीनशे वीस. तो "बरं, सव्वाचारशे, तुमच्यासाठी." मावशी तीनशे चाळीस.

मी हे दूर उभा राहून पाढे ऐकल्यासारखं ऐकत होतो. त्यातली खोच मला नंतर कळली. तो आधी शंभर उतरला, मग पन्नास, मग पंचवीस. पायऱ्या लहान होत गेल्या की समजायचं, तळ जवळ आला. जो विक्रेता दरवेळी सरळ शंभर शंभर उतरतोय त्याच्याकडे अजून बरंच खोल पाणी आहे. आपणही तसंच करायचं: पहिली उडी मोठी, मग लहान, मग अगदीच चिमूटभर, म्हणजे त्याला वाटावं की या बाईंच्या पिशवीत आता काही उरलं नाही. मी मात्र आजवर उलट करत आलो. आधी दहा वाढवायचे, मग वीस, मग भावनेच्या भरात एकदम शंभर. माझ्या पायऱ्या बघून विक्रेत्याला वाटत असणार, थांबलं तर हा साडेसातशेपर्यंतही जाईल.

तीनशे चाळीसवर मावशी थांबली. तो म्हणाला, "नाही परवडत काकू. आम्हालाच तेवढ्याला पडत नाही." मावशी म्हणाली, "असू दे रे. तुझंही बरोबर आहे." पर्स नीट त्याच्या हातात दिली, पदर सारखा केला आणि निघाली.

हे निघणं बघण्यासारखं होतं. ती रागावून निघाली नाही, कारण रागावलेल्या गिऱ्हाइकाला परत बोलवायला विक्रेत्यालाही कमीपणा वाटतो. ती रेंगाळलीही नाही, कारण रेंगाळणारा परत येणार हे पोरसवदा मदतनीसालाही कळतं. ती दुःख आवरून निघाली. आणि मुख्य म्हणजे तिने मागे वळून पाहिलं नाही. मागे बघितलं की संपलं. त्या एका नजरेची किंमत मावशी पन्नास रुपये धरते. ती शेजारच्या दुकानासमोर थांबली आणि तिथली पर्स निरखू लागली. आता हा नाही बोलला तर तो विकणार, हे चित्र पहिल्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

"ओ काकू! या, द्या तीनशे सत्तर."

मावशी वळली, पण आली नाही. जागेवरूनच म्हणाली, "साडेतीनशे आहेत सुट्टे. देतोस?"

"द्या. घेऊन जा. तुमच्यापुढे कुणाचं चालतं?"

हिशेब असा की बोलण्याने भाव चारशेच्या आसपास आला असता, सहाशे आणि दोनशेचा मध्य. त्याखालचे पन्नास हे पायांनी मिळवलेले. आणि पायांचं हे काम दुहेरी असतं. त्याने हाक मारली, म्हणजे आपला आकडा त्याच्या तळाच्या वर होता, त्याला थोडं सुटत होतं. हाक नाही मारली, म्हणजे आपण तळाच्या खाली होतो आणि तो खरंच बोलत होता की परवडत नाही. निघून जाण्याचा हाच खरा उपयोग. "बाजारात त्याचं खरं बोलणं ऐकायचं असेल," मावशी म्हणाली, "तर त्याच्याकडे पाठ करावी."

इतकं शिकल्यावर दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. मंडईच्या बाजूने शिरलो, चपला घालून. एका फळीवर छत्र्या होत्या. चारशे सांगितले. मी दहा सेकंद विचारात पडल्यासारखा उभा राहिलो आणि मग छाती काढून म्हणालो, "दीडशे."

"घ्या."

मी थक्क. कपाळावर हात नाही, काकुळती नाही, आम्हाला पडत नाही नाही. नुसतं "घ्या," आणि छत्री पिशवीत. यापेक्षा मोठा अपमान बाजारात होत नाही. चारशेची छत्री दीडशेला मिळाल्याचं समाधान एक क्षणही मिळालं नाही; रस्ताभर एकच विचार, ती ऐंशीची असणार. आणि आता नको म्हणायचीही सोय नव्हती. आपण बोललेल्या भावाला समोरच्याने हो म्हटलं की वस्तू घ्यावीच लागते. बाजाराचा हा एकच नियम सगळे पाळतात. तो मोडणाऱ्याला मागून जे ऐकावं लागतं ते छापण्यासारखं नसतं. म्हणून नवख्याने सरावासाठीसुद्धा नको असलेल्या वस्तूचा आकडा बोलू नये. मला छत्री नको होती. घरी तीन आहेत.

मावशीने छत्री उघडून बघितली, मिटली आणि निदान केलं: शेजारी विचारलं नव्हतंस. विचारलं असतंस तर दीडशे हा पहिला आकडा नसून शेवटचा आहे हे कळलं असतं.

मग चपला घ्यायला गेलो. तिथे मी निघून जाण्याचा प्रयोग केला. पाचशे सांगितले होते, तो चारशेवर आला होता, मी अडीचशेवर अडून बसलो होतो. "नाही जमत," तो म्हणाला. मी म्हणालो, "असू दे. तुझंही बरोबर आहे." दुःख आवरलं आणि निघालो. मागे बघितलं नाही. पाच पावलं. हाक नाही. दहा पावलं. हाक नाही. बांगड्यांची दुकानं गेली, देवाच्या भांड्यांची गेली, पूजेच्या वस्तू गेल्या, मी चालतोच आहे. गर्दीत हाक ऐकू येणार नाही म्हणून जरा हळू झालो, तर मागच्या बाईंची पिशवी पाठीत बसली. शेवटी थेट लक्ष्मी रस्त्यावर येऊन पोहोचलो आणि तिथे उभं राहून मला कळून चुकलं की तो खरं बोलत होता.

पण चपला तर हव्याच होत्या. आता परत कसं जायचं? निघून गेलेला माणूस आपणहून परत आला की त्याच्या गळ्यात पाटीच असते: घेतल्याशिवाय राहवत नाही. मी दुसऱ्या बाजूने वळसा घालून, जणू पहिल्यांदाच येतोय अशा चेहऱ्याने त्याच्यासमोर उभा राहिलो. तो म्हणाला, "या काका. चारशे." मघाशी मी 'साहेब' होतो. हार मानलेल्या गिऱ्हाइकाचं वय विक्रेता आपोआप वाढवतो.

यावरचा उतारा मावशीकडे आहे. एकतर वेगळ्या माणसाला पाठवावं. नाहीतर जाऊन सरळ दुसरी वस्तू जोडावी: "चपला आणि ही लहान पोराची सँडल, दोन्हीचं मिळून काय घेशील?" दोन वस्तू आल्या की जुना भाव मोडतो, नवा मांडावा लागतो आणि कुणाचीच मान खाली जात नाही. विक्रेत्यालाही तेच हवं असतं. एका गिऱ्हाइकावर दोन नग गेले तर तो प्रत्येकावर कमी घ्यायला तयार होतो. घरात लहान पोर नसल्यामुळे मला हा उतारा लागू पडला नाही. चारशे दिले.

काही जुनी शस्त्रं आता बोथट झाली आहेत, हेही शिकणाऱ्याला सांगायला हवं. पूर्वी मावशी दोन ठिकाणी पैसे ठेवायची. बटव्यात ठरवलेले साडेतीनशे, बाकीचे कमरेला. बटवा उलटा करून दाखवायचा, "एवढेच आहेत बघ, पीएमटीचे पैसेसुद्धा यातच." विक्रेता विरघळायचा. आता ती बटवा उलटा करते आणि विक्रेता शांतपणे पुठ्ठ्यावर चिकटवलेला चौकोनी कोड पुढे करतो: "स्कॅन करा ना काकू." त्या चौकोनापुढे गरिबी चालत नाही.

मात्र त्याच यंत्राने एक गंमतही केली आहे. पैसे पोहोचले की दुकानातलं ते लहानसं खोकं मोठ्या आवाजात ओरडतं, "तीनशे पन्नास रुपये प्राप्त झाले!" शेजारी त्याच पर्ससाठी सहाशे सांगितलेल्या बाईंचे कान तत्काळ टवकारतात. म्हणून ज्याला कमी भावात माल दिला त्याला विक्रेता हळूच म्हणतो, "काकू, रोख असतील तर बघा." मावशीने हे बरोबर हेरलं आहे. ती आता भाव अडला की मोबाइल बाहेर काढते आणि नुसता धरून ठेवते.

सकाळी दुकान उघडताना जावं, भवानी झालेली नसते, पहिलं गिऱ्हाईक विन्मुख जाऊ नये म्हणून विक्रेता लवकर नमतो, हे मात्र अजून टिकून आहे. फक्त संध्याकाळी सात वाजताही "भवानी करा ताई" ऐकू येतं, तेव्हा त्यावर फार विसंबू नये. गणपतीच्या आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तर कुठलाच धडा चालत नाही. मागे रांग लावून गिऱ्हाईक उभं असताना तुमच्या पाठीकडे कोण बघणार?

आणि मंडईत, भाजीवालीपुढे, मावशी हे शास्त्र गुंडाळून ठेवते. तिथे ती भाव करत नाही. पाव किलो म्हणते, पैसे देते आणि मग हात पुढे करून म्हणते, "चार मिरच्या टाक ग वर." भाजीवाली पाच टाकते. मी एकदा तिथे कोथिंबिरीची जुडी बघून "शेवटचं किती?" विचारलं होतं. भाजीवाली मावशीकडे बघून म्हणाली, "तुमचे का हे?" मावशी म्हणाली, "नाही, शेजारचे."

जगात किमतीची चिठ्ठी लावून एकच भाव सांगण्याची पद्धत तशी अलीकडची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पॅरिसच्या बाँ मार्शे या दुकानाने ती लोकप्रिय केली. त्याआधी सगळीकडे तुळशीबागच होती. आमच्याकडच्या बैलबाजारात तर हेडे लोक रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत, म्हणजे बघणाऱ्याला आकडा कळूच नये. मला ही पद्धत ऐकून फार हायसं वाटलं. माझा चेहरा रुमालाखाली ठेवता आला असता तर मीही बैल घेतला असता.

तर पर्स साडेतीनशेला पडली. संध्याकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी ती बघितली आणि विचारलं, "केवढ्याला हो?" बायको उत्तर देणार एवढ्यात मावशी म्हणाली, "दोनशे ऐंशी." माझ्या डोळ्यांसमोर तिने साडेतीनशे मोजून दिले होते. पण मावशीचा चेहरा रामाच्या मूर्तीसारखा निर्विकार. वहिनींनी पर्स हातात घेतली, चेन ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "हो का? मला तर गेल्या महिन्यात अडीचशेला दिली. ओळखीचा आहे आमच्या." मावशी तिसऱ्या मजल्यापर्यंत गप्प होती. विचारात पडल्यासारखी नाही, खरोखरच गप्प.

घरात आल्यावर मी विचारलं, "खरंच अडीचशेला मिळाली असेल?"

"चारशेला घेतलीय तिने," मावशी म्हणाली. "चेन ओढून बघत होती ना? जिने स्वस्तात घेतली ती चेन बघत नाही."

हे म्हणताना तिचा आवाज मात्र नेहमीसारखा ठाम नव्हता. आणि अजूनही, भलत्याच विषयावर बोलता बोलता ती मध्येच थांबून पुटपुटते, "अडीचशे..."

म्हणून वाचकांना एक नम्र विनंती आहे. मोबाइलला वेगळा कप्पा असलेली, काळ्या रंगाची, कंपनीच्या नावात एक अक्षर चुकलेली ती पर्स तुमच्यापैकी कुणी साडेतीनशेपेक्षा कमी भावात घेतली असेल, तर कृपया कळवू नये. मावशीच्या रक्तदाबाची गोळी नुकतीच वाढवली आहे.